परदेशी बदलीला ‘नाही’ म्हणताना

‘ऑनसाइट’ हा शब्द आता आपल्या घरांमध्ये चांगलाच रुळला आहे. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलगा, सून, मुलगी, जावई कुणीतरी असतंच, आणि कधीतरी तो किंवा ती घरी येऊन सांगते, “साहेबांनी विचारलंय, दीड वर्षासाठी अमेरिकेला जाणार का?” घरात आधी आनंद होतो. आणि मग रात्री जेवणं उरकल्यावर दुसरा प्रश्न हळूच डोकं वर काढतो: “आई-बाबांचं काय?”

तो प्रश्न ज्यांच्या घरात आला आहे किंवा येऊ घातला आहे, त्या मैत्रिणींसाठी हा लेख. जावं की न जावं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण न जाण्याचं ठरलं, तर तो नकार कसा द्यावा, कधी द्यावा आणि पुढची संधी आपल्यासाठी कशी राखून ठेवावी, याची एक रीत आहे. ती मी माझ्या धाकट्या बहिणीच्या निमित्तानं जवळून पाहिली.

आम्ही दोघी बहिणीच. आई-वडील साताऱ्याला, बहीण पुण्याला नोकरीत आणि मी कोल्हापुरात. दोन्हीकडून साताऱ्याला पोचायला अडीच-तीन तास लागतात. बाबांना कंपवात, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन म्हणतात तो आजार. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ऑगस्ट २०२३ मध्ये बहिणीला तिच्या वरिष्ठांनी विचारलं: ऑक्टोबरपासून अमेरिकेत अठरा महिने.

“त्यांनाही घेऊन जाऊ”

पहिल्यांदा सगळेच हे म्हणतात. आम्हीही म्हटलं. म्हणून ही गोष्ट आधीच स्पष्ट करते. कंपनीच्या कामासाठी मिळणाऱ्या अमेरिकेच्या व्हिसावर सोबत नेता येतात ती फक्त नवरा किंवा बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं. आई-वडील त्यात बसत नाहीत. त्यांना पाहुणे म्हणून यावं लागतं आणि एका खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंतच राहायची परवानगी मिळते. युरोपातल्या बहुतेक देशांत तर पाहुण्यांना दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. शिवाय प्रवासाचा विमा जुन्या आजारांचा खर्च सहसा देत नाही, दिलाच तर जिवावर बेतलं तेव्हापुरता. ज्यांना दर दीड महिन्यानं डॉक्टरांकडून गोळ्यांचं प्रमाण बदलून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. तेव्हा हा पर्याय पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलेला बरा.

वहीतलं एक पान

नंतर नातेवाइकांची मतं सुरू होतात. कुणी म्हणतं, “अशी संधी पुन्हा येत नाही,” कुणी म्हणतं, “म्हातारपणी सोडून जाणार?” आणि स्वतः आई-बाबा म्हणतात, “आमचं काय, तू जा गं.” बायांनो, हे शेवटचं वाक्य खरं धरू नका. आपल्याकडे आई-वडील असंच म्हणतात. त्यात त्यांची माया असते, माहिती नसते.

माहितीसाठी आम्ही एक वही घेतली. मागच्या बारा महिन्यांत आई-बाबांसाठी आम्ही दोघींनी काय काय केलं ते आठवून लिहिलं आणि त्याचे तीन भाग केले. पहिल्या भागात पैसे देऊन होणारी कामं: डबा, धुणंभांडी, बाबांना आंघोळीला मदत करणारा माणूस. दुसऱ्यात फोनवरून होणारी कामं: औषधं मागवणं, वीजबिल, डॉक्टरांची वेळ घेणं. तिसऱ्यात अशी कामं, जिथं आपलं माणूस त्या दिवशी तिथं उभं असावंच लागतं.

पहिले दोन भाग भरपूर लांब निघाले, पण त्यांनी निर्णय ठरला नाही. तो तिसऱ्या भागानं ठरवला. त्या वर्षात बाबा दोनदा पडले होते, एकदा पाच दिवस दवाखान्यात होते आणि गोळ्या बदलताना आठ वेळा डॉक्टरांसमोर कुणीतरी बसावं लागलं होतं. कंपवाताच्या गोळीची वेळ तासभर टळली तरी हालचाल अडते, आणि मात्रा बदलली की पुढचे दहा दिवस कुणीतरी नुसतं पाहत राहावं लागतं: कधी कंप वाढतो, कधी तोल जातो, कधी ग्लानी येते. ते लिहून नेलं तरच डॉक्टरांना पुढची मात्रा ठरवता येते. आईला हे सगळं एकटीला जमत नव्हतं.

मग प्रश्न उरला माझा. मी का नाही? माझ्या सासूबाई त्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि मुलीची दहावी होती. महिन्यातून एकदा जाणं मला जमत होतं, पण हाक आली की त्याच रात्री निघणं जमत नव्हतं. म्हणजे अडचण होती, पण ती कायमची नव्हती. मुलीची परीक्षा मार्च २०२४ मध्ये संपणार होती आणि गोळ्यांची घडी साधारण वर्षभरात बसेल, असं डॉक्टर म्हणत होते. थोडी सवड धरून आम्ही पानाखाली लिहिलं: ‘मार्च २०२५ पर्यंत नाही.’

हे पान केल्याचा एक फायदा पुढे कळला. ‘नाही’च्या पुढे तारीख आली की त्या नकाराचा अर्थच बदलतो.

नकार कधी द्यावा

आपल्याकडे नाही म्हणायचं असेल तर आपण “बघते” म्हणतो. घरच्या लग्नकार्यात ते चालून जातं. कंपनीच्या कामात “बघते” हे सगळ्यांत महाग उत्तर आहे.

त्यामागचं कारण समजून घ्या. वरिष्ठ तोंडी विचारतात तेव्हा ती नुसती चौकशी असते. तिथं नाही म्हटलं तर ते दुसरं नाव शोधतात. पण होकार समजून त्यांनी नाव पुढे पाठवलं, की तिकडचा ग्राहक त्या व्यक्तीची मुलाखत घेतो आणि नाव पक्कं करतो. त्या तारखेपासून ग्राहक पैसे मोजणार असतो. मग पासपोर्ट, पदवीचं प्रमाणपत्र, जुन्या नोकऱ्यांचे दाखले मागवले जातात, वकील अर्ज तयार करतात आणि सरकारी शुल्क भरलं जातं. शेवटी व्हिसाची मुलाखत होते आणि पासपोर्टवर शिक्का बसतो. यातली प्रत्येक पायरी पुढे गेली की नकाराची किंमत वाढते. चौकशीच्या वेळी नकार दिला तर कुणाचं काही बिघडत नाही. नाव पक्कं झाल्यावर दिला तर वरिष्ठांना ग्राहकापुढे खाली मान घालावी लागते. आणि शिक्का बसल्यावर दिला तर पैसेही गेलेले असतात आणि शब्दही.

काही कंपन्या मधल्या टप्प्यावर एका करारावर सही घेतात. परत आल्यावर अमुक महिने नोकरी सोडायची नाही, मध्येच माघार घेतली तर झालेला खर्च भरून द्यायचा, अशा अटी त्यात असू शकतात. तेव्हा घरात निर्णय होईपर्यंत “फक्त फॉर्म भरून ठेवते” असं म्हणून कुठंही सही करू नये आणि वहीतलं पान एका आठवड्याच्या आत पुरं करावं. बहिणीला सोमवारी विचारलं होतं, तिनं पुढच्या सोमवारी उत्तर दिलं.

काय बोलावं, काय लिहावं

तिनं आधी समोरासमोर भेटून सांगितलं आणि त्याच दिवशी मेलनं लिहून पाठवलं. दोन्ही लागतं. नुसतं बोलणं लोक विसरतात, आणि आधी न सांगता आलेलं पत्र तुटक वाटतं. तिचं मूळ पत्र अर्थात इंग्रजीत होतं. मराठीत ते साधारण असं:

“ऑक्टोबरपासूनच्या कामासाठी माझं नाव सुचवलंत याबद्दल आभारी आहे. वडिलांच्या प्रकृतीमुळे मार्च २०२५ पर्यंत मला सलग तीन आठवड्यांहून जास्त देशाबाहेर राहता येणार नाही. म्हणून या वेळी माझं नाव पुढे पाठवू नये, ही विनंती. या काळात मी दोन गोष्टी करू शकते. काम सुरू होताना दोन-तीन आठवडे तिकडे जाऊन ते समजून घेता येईल. माझ्याकडे व्यवसायभेटीचा व्हिसा आहे. नंतर आठवड्यातून तीन दिवस रात्री अकरापर्यंत थांबून तिकडच्या लोकांशी इथून काम करता येईल. एप्रिल २०२५ नंतरच्या कामांसाठी माझा जरूर विचार व्हावा. जानेवारी २०२५ मध्ये मी स्वतः भेटून तेव्हाची परिस्थिती सांगेन.”

या पत्रात काय नाही तेही पाहा. आजाराचं वर्णन नाही, दवाखान्याचे कागद नाहीत. ‘वडिलांची प्रकृती’ एवढं पुरेसं असतं. माफी मागितलेली नाही. ‘कधीच’ हा शब्द नाही आणि ‘सध्या’ हाही नाही. ‘सध्या’चा अर्थ ज्याला जसा सोयीचा तसा तो लावतो; तारखेचा अर्थ एकच होतो.

देऊ केलेल्या मदतीबद्दल एक सावधगिरी. व्यवसायभेटीच्या व्हिसावर बैठका, चर्चा, काम समजून घेणं एवढंच करता येतं. ग्राहकाच्या कचेरीत बसून रोजचं काम करता येत नाही. तेव्हा “तीन आठवडे जाऊन काम करून येते” असं लिहू नये. आणि जे खरंच जमेल तेच लिहावं. आठवड्याचे पाचही दिवस रात्री जागायचं कबूल करून दुसऱ्याच महिन्यात हात टेकले, तर तो दुसरा नकार ठरतो आणि तो पहिल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

काय गमावलं

हे लपवण्यात अर्थ नाही. बहिणीच्या जागी तिच्याहून दोन वर्षं नवा असलेला सहकारी गेला. खर्च वजा जाता अठरा महिन्यांत वीसएक लाख रुपये शिल्लक पडले असते, ते पडले नाहीत. तिची बढती एक वर्ष लांबली. हा हिशेब तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नकार देण्याआधीच कागदावर मांडला होता. म्हणून पुढे सहकाऱ्याचे फोटो पाहिले तेव्हा तिला वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही.

घरातली एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षानं पाळली. “तुमच्यामुळे सोडलं” हे आई-बाबांच्या कानावर कधी जाऊ दिलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की हे काम या वर्षी नको, पुढचं बघू. आणि मैत्रिणींनो, तुमच्या घरी हा प्रश्न यजमानांच्या नोकरीचा आणि सासू-सासऱ्यांचा असेल, तर आणखी एक काळजी घ्या. मुलगा गेला तर “सुनेनं नेलं” आणि राहिला तर “सुनेनं अडवलं” असं बोलणारे भेटतातच. म्हणून ते वहीतलं पान यजमानांच्या हातानं लिहून होऊ द्या आणि घरात निर्णयही त्यांच्याच तोंडून सांगितला जाऊ द्या. तुमची मदत पान भरण्यात. औषधांच्या वेळा आणि मागच्या वर्षीच्या तारखा बहुधा तुम्हालाच पाठ असतात.

नाव यादीत आहे का?

पत्र पाठवलं म्हणजे पुढची संधी आपोआप चालून येते, असं नाही. मार्च २०२४ मध्ये बहिणीनं कंपनीच्या संगणकावर स्वतःची माहिती उघडून पाहिली, तर ‘परदेशी जाण्यास तयार’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं. रकान्यात हो किंवा नाही एवढेच पर्याय होते. पण नवं काम आलं की त्याच रकान्यावरून नावं काढतात. म्हणजे तिचं नाव कुणाच्या समोर आलंच नसतं. तिनं तिथं ‘हो’ करून घेतलं आणि शेजारच्या शेऱ्यात ‘एप्रिल २०२५ पासून’ असं लिहवून घेतलं.

त्याच वर्षी तिचे वरिष्ठ बदलले. नव्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा ते जुनं पत्र कामी आलं; तिनं तेच त्यांच्याकडे पाठवलं. जानेवारी २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे ती त्यांना जाऊन भेटली.

या काळात नोकरी बदलण्याचा मोह होतो. त्यातली एक मेख लक्षात ठेवावी. कंपनीतल्या कंपनीत अमेरिकेला बदली होताना जो एल-वन व्हिसा मिळतो, त्यासाठी मागच्या तीन वर्षांत त्याच कंपनीत, अमेरिकेबाहेर, सलग एक वर्ष नोकरी झालेली लागते. नोकरी बदलली की ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. शिवाय पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधीच करून ठेवावं. ऐन वेळी तेवढ्यावरून नाव मागे पडू शकतं.

तीन आठवड्यांची तालीम

सगळ्यांत उपयोगाची ठरली ती ही गोष्ट. जून २०२४ मध्ये आम्ही ठरवलं की तीन आठवडे बहीण अमेरिकेतच आहे असं समजायचं. ती पुण्यातच होती, पण साताऱ्याला जायचं नाही, फक्त फोन. आणि फोनही तिकडच्या वेळेनं, सकाळी आणि रात्री. अगदीच निकड पडली तर मी जायचं.

चार ठिकाणी घोडं अडलं. बाबांची बँक, पेन्शनचं खातं, औषधांचं दुकान, सगळीकडे बहिणीचा मोबाइल नंबर दिलेला होता, त्यामुळे ओटीपी तिच्याकडे जात होता. परदेशात तो नंबर बंद पडला असता तर आईला स्वतःच्याच पैशाला हात लावता आला नसता. मग आम्ही नंबर आईचा करून घेतला आणि खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करून घेतलं. दुसरं, दुकानदारानं त्याच गोळीची दुसऱ्या कंपनीची पाकिटं दिली आणि रंग वेगळा म्हणून बाबांनी ती घेतलीच नाहीत. तेव्हापासून गोळ्या महिनाभराच्या घरात जास्तीच्या असतात. तिसरं, मदतीचा माणूस गावच्या जत्रेला गेला आणि बदली कुणी नव्हतं. आता दोघांची नावं ठरलेली आहेत. आणि चौथं, बाबा न्हाणीघरात घसरले आणि आईनं दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. “तुम्ही काळजी कराल म्हणून.” त्यावर उपाय म्हणून शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं की आईनं नाही सांगितलं तरी तुम्ही सांगा. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. आणि हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात कोण येणार, तेही त्याच वेळी ठरवून टाकलं.

सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तीच तालीम पुन्हा केली. या वेळी मला एकदाच जावं लागलं. तिसऱ्या भागातली कामं आता कमी झाली आहेत आणि उरलेली मला झेपतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पुढची संधी

मे २०२५ मध्ये बहिणीला पुन्हा विचारलं गेलं. या वेळी काम जर्मनीत, सहा महिन्यांचं. अमेरिकेपेक्षा मुदत कमी, आणि उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीनच तास मागे. तिकडे ती कचेरीतून सुटते तेव्हा आईची जेवणं व्हायची असतात, म्हणजे रोज बोलणं होतं. आम्ही पुन्हा वही काढली, नवं पान भरलं आणि या वेळी ‘हो’ लिहिलं. जुलैत ती गेली. ऑक्टोबरात बाबा एकदा पडले. मी रात्रीच निघाले आणि चार दिवस राहिले. डिसेंबरअखेर ती परत आली.

सगळ्यांचं असंच जुळून येईल, असं नाही. एखाद्या घरी दुखणं वाढतच जातं आणि दिलेली तारीख पाळता येत नाही. तसं झालं तर तारीख यायच्या दोन महिने आधीच सांगावं आणि नवी तारीख द्यावी. पण दोनदा तारीख पुढे ढकलावी लागली, तर तिसऱ्यांदा तारीख देऊ नये. त्यापेक्षा वरिष्ठांना सरळ म्हणावं, की मला परदेशी जावं लागणार नाही अशा कामावर घ्या. त्यात कमीपणा नाही. खोटी आशा दाखवून यादीत नाव ठेवलं, तर पुढच्या वेळी खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या घरी अजून कुणी विचारलेलं नसेल, तर या रविवारी एवढंच करा. एक वही घ्या, मागच्या वर्षाच्या तारखा आठवा आणि तो तिसरा भाग तेवढा लिहून ठेवा. आणि आई-बाबांच्या बँकेत कुणाचा मोबाइल नंबर आहे, ते विचारून घ्या.